मांजराच्या डोळ्याचा फोटो: थांबायचं की आजच डॉक्टर?

डोळा पाणावलाय, कडेला चिपडं आहेत, पण नुसत्या फोटोवरून नेमकं कळत नाही. न कळण्याचं कारण बहुधा नीट न काढलेला फोटोच असतो.

१. उकळून कोमट केलेल्या पाण्यात कापूस भिजवून चिपडं हलक्या हाताने पुसा. दोन्ही डोळ्यांना वेगळा कापूस.
२. पंधरा मिनिटांनी खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न लावता, दोन्ही डोळे एकत्र येतील असा फोटो काढा. फ्लॅशने निरोगी मांजरही डोळे मिटतं.
३. आता दोन्ही डोळ्यांची तुलना करा. डोळा पूर्ण उघडा, पाणी स्वच्छ, कोपऱ्यात थोडी तपकिरी खपली आणि मांजर नीट खातंय, तर उद्या त्याच खिडकीशी पुन्हा फोटो काढा. सुधारणा नसेल तर दाखवा.

एक डोळा बारीक किंवा मिटलेला, बुबुळावर निळसर-पांढुरकी झाक, पिवळा-हिरवा स्राव, किंवा दोन बाहुल्या लहानमोठ्या, यांतलं एकही दिसलं तर त्याच दिवशी न्या. पिल्लू असेल तर वाट पाहूच नका.

बुबुळावरची जखम फोटोत बऱ्याचदा दिसत नाही. म्हणून घरातले उरलेले ड्रॉप्स घालू नका. त्यात स्टेरॉइड असेल तर जखम चिघळते.