‘रिटेनिंग रिंग’ अडली, तर आधी सुट्या भागांची यादी उघडा

मॅन्युअलचं मराठी भाषांतर करताना त्यात नुसतंच ‘रिटेनिंग रिंग’ असेल, तर शब्दकोशाआधी मागची सुट्या भागांची यादी पाहा. तिथे बहुधा ‘25 x 1.2 DIN 472’ असं काहीतरी सापडतं, आणि हा क्रमांकच खरा धागा. तो उत्पादकाच्या कॅटलॉगमध्ये शोधून आकृती नीट बघा. DIN म्हणजे जर्मन मानक; त्यातल्या 471 ची रिंग शाफ्टवरच्या खाचेत बसते, तिचे भोकांचे कान बाहेर असतात. 472 ची बोअरच्या आतल्या खाचेत बसते, तिचे कान आत वळलेले. म्हणजे इथे 25 हा बोअरचा व्यास आहे, शाफ्टचा नव्हे, 1.2 ही रिंगची जाडी, मिलिमीटरमध्ये.

मग भारतीय मानक IS 3075 उघडा. त्याचा भाग 1 शाफ्टसाठी, भाग 2 बोअरसाठी आहे, आणि दोन्हीकडे शब्द आहे ‘सर्कलिप’. आपल्या वर्कशॉपमध्येही हाच चालतो, म्हणून मी ‘बोअरची सर्कलिप’ असंच लिहीन. ‘धारक कडी’ वाचून फिटर कोणता पक्कड घ्यायचा ते ठरवू शकणार नाही. 472 ला कान जवळ आणणारा लागतो, 471 ला फाकवणारा. पुढच्या कृतीत ‘रिंग दाबून काढा’ असेल, तर तुमचा अर्थ जुळला. ‘फाकवा’ असेल, तर यादीतला भाग क्रमांक पुन्हा तपासा आणि ग्राहकाला विचारा.