गीतेच्या अठरा अध्यायांवर अठरा छोटे व्हिडिओ: एपिसोडची आउटलाइन कशी लिहायची

गीतेवर सिरीज करायची म्हटलं की बहुतेक जण आधी वहीत अठरा अध्यायांची नावं लिहून काढतात, अर्जुनविषादयोग, सांख्ययोग, कर्मयोग वगैरे, आणि प्रत्येक नावापुढे "या अध्यायात भगवान सांगतात की..." असं सुरू करतात. अशी आउटलाइन चौथ्या-पाचव्या भागाला अडकते, कारण कर्म, ज्ञान, संन्यास, योग हेच शब्द परत परत येतात आणि बघणाऱ्याला कळत नाही की पाचवा भाग तिसऱ्यापेक्षा वेगळा कशात आहे. तो फरक दिसतो अर्जुनाच्या प्रश्नात. अर्जुन मधेमधे अडतो, शंका काढतो, घाबरतो, आणि तिथूनच पुढचं बोलणं वळण घेतं. म्हणून माझं म्हणणं, आउटलाइन अध्यायाच्या नावावरून न लिहिता प्रश्नावरून लिहा.

आधी एकच प्रत पक्की करा

हे सगळ्यात आधी, कारण श्लोकांचे आकडे सगळ्या प्रतींत सारखे नाहीत. एकूण ७०० श्लोक हे सगळीकडे ऐकू येतं, पण काही प्रतींत पहिल्या अध्यायात ४७ आणि तेराव्यात ३४ श्लोक असतात, तर काहींत पहिल्यात ४६ आणि तेराव्यात ३५. तेराव्याचा तो जास्तीचा श्लोक म्हणजे अर्जुनाचाच एक प्रश्न आहे, प्रकृती, पुरुष, क्षेत्र, क्षेत्रज्ञ म्हणजे काय असा. दोन प्रती मिसळल्या की स्क्रीनवर दाखवलेला आकडा आणि बघणाऱ्याच्या घरच्या पुस्तकातला आकडा जुळत नाही आणि लोक लगेच चूक दाखवतात. मी इथे तेराव्यात ३४ श्लोकवाली प्रत धरून लिहितेय.

आणखी एक, ज्ञानेश्वरी वाचून स्क्रिप्ट लिहिणार असाल तर ज्ञानेश्वरीतलं काय आणि मूळ श्लोकातलं काय हे दोन रंगांत लिहा. सहाव्या अध्यायात कुंडलिनीचं जे सविस्तर वर्णन आहे ते माउलींचं आहे, गीतेच्या श्लोकांत ते नाही. दोन्ही सांगा की, फक्त "गीतेत म्हटलंय" असं म्हणून सांगू नका.

मग प्रश्न गोळा करा

अख्खी गीता एकदा फक्त "अर्जुन उवाच" शोधत वाचायची, बाकी काही नोंदवायचं नाही. दुसऱ्यात तो विचारतो स्थितप्रज्ञ माणूस बोलतो कसा, बसतो कसा, चालतो कसा. तिसऱ्यात वैतागून म्हणतो की बुद्धीच मोठी तर मला या घोर कर्मात का ढकलतोस. चौथ्यात त्याला हिशोबच लागत नाही, सूर्याचा जन्म तुझ्या कितीतरी आधीचा, मग हा योग तू त्याला सांगितलास कसा? पाचव्यात परत म्हणतो की तू कर्म सोडण्याचीही स्तुती करतोस आणि करण्याचीही, नक्की एक काय ते सांग. सहाव्यात मन वाऱ्यासारखं आवरत नाही ही तक्रार, आणि पुढे साधना अर्धवट राहिलेल्याचं काय होतं ही काळजी. आठव्यात ब्रह्म काय, अध्यात्म काय, कर्म काय असे प्रश्न एका दमात, दहाव्यात तुझं चिंतन कुठल्या कुठल्या रूपात करू, अकराव्यात ते रूप दाखव, बाराव्यात सगुण भक्त बरा की निर्गुणाचा उपासक, चौदाव्यात गुणांच्या पलीकडे गेलेला ओळखायचा कसा, सतराव्यात शास्त्र सोडलं पण श्रद्धा आहे अशा माणसाचं काय, अठराव्यात संन्यास आणि त्याग यातला फरक.

एवढी यादी झाली की तिसरा आणि पाचवा वेगळे का हे आपोआप दिसतं. तिसऱ्यात उत्तर आहे की कर्म सोडून कुणी क्षणभरही राहूच शकत नाही. पाचव्यात उत्तर आहे की संन्यास आणि कर्मयोग दोन्ही कल्याणाचेच, त्यातल्या त्यात कर्मयोग सरस, पण दोन्ही वेगळे मानणं हे पोरकटपणाचं. हे दोन अध्याय एकाच ठोकळ्यात सांगितले की हा फरक हातातून जातो.

जिथे प्रश्नच नाही तिथे काय करायचं

सातवा, नववा, तेरावा, पंधरावा आणि सोळावा, यांत अर्जुन बोलतच नाही. इथे आधीच्या अध्यायाचा शेवट बघायचा. सहावा संपतो तो श्रद्धेने मला भजणारा योगी सर्वांत श्रेष्ठ असं म्हणून, आणि सातव्याची पहिली ओळच आहे की मला पूर्णपणे कसं जाणशील ते ऐक, म्हणजे सातव्याचा प्रश्न झाला "भजायचं ते कोणाला?" तो तुमच्या तोंडी असू दे, अर्जुनाच्या तोंडी घालू नका, तो त्याने विचारलेला नाही. पंधराव्याला वर मुळं आणि खाली फांद्या असलेला अश्वत्थ आहे, तिथे प्रश्नाची गरजच नाही, पहिल्या तीन सेकंदात ते झाड उलटं दाखवा आणि ते तोडायचं शस्त्र काय तर अनासक्ती एवढं सांगा.

सोळावा जरा अवघड आहे कारण सुरुवातीलाच दैवी गुणांची लांब यादी येते आणि यादी वाचून दाखवली की व्हिडिओ मेला. मी असते तर यादीतला एकच गुण घेतला असता आणि मग थेट काम, क्रोध, लोभ या नरकाच्या तीन दारांवर गेले असते. शेवटी कृष्ण म्हणतो काय करावं काय नाही याला शास्त्र प्रमाण. तिथेच थांबायचं, कारण सतराव्याच्या पहिल्याच श्लोकात अर्जुन नेमकं तेच उचलून धरतो. अध्यायांना जोडणारा असा सांधा सापडला की तो आउटलाइनमध्ये ठळक लिहून ठेवा.

एक एपिसोड पूर्ण लिहून बघू: तिसरा

नव्वद सेकंदांचा व्हिडिओ धरला तर निवांत मराठी बोलण्यात साधारण १८० ते १९० शब्द बसतात, त्यात संस्कृत श्लोकही आलाच. म्हणून आधी ठरवायचं की तिसऱ्यातले दोन प्रश्न आहेत त्यातला कोणता घ्यायचा. एक म्हणजे सुरुवातीचा, मला घोर कर्मात का ढकलतोस. दुसरा ३६ व्या श्लोकातला, इच्छा नसताना माणूस पाप का करतो, जणू कोणी जबरदस्तीने करायला लावतंय. दुसरा जास्त आकर्षक आहे, पण मी पहिला घेईन, कारण तो दुसऱ्या अध्यायातून सरळ येतो, तिथे कृष्णाने बुद्धियोगापेक्षा कर्म फार खालचं असं म्हटलेलं असतं आणि अर्जुन तेच पकडतो.

आउटलाइनमध्ये मग असं लिहायचं. पहिली पंधरा सेकंद, अर्जुनाचा प्रश्न आपल्या मराठीत, रागासकट. पुढची पंधरा, हा राग का आला, म्हणजे दुसऱ्यातलं ते वाक्य. मग पाचवा श्लोक, "न हि कश्चित्क्षणमपि जातु तिष्ठत्यकर्मकृत्" एवढा अर्धाच, सावकाश म्हटला तर सात-आठ सेकंद, पूर्ण श्लोक नको. त्यानंतर चाळीसेक सेकंद उत्तर, आणि उत्तरात सहावा श्लोक नक्की घ्या, हातपाय आवरून बसलेला पण मनात विषय घोळवणारा माणूस मिथ्याचारी, कारण इथे अर्जुनाची पळवाट बंद होते. शेवटची दहा सेकंद पुढच्या भागाचा सांधा: कृष्ण म्हणणार आहे की हे मी आधी सूर्याला सांगितलंय.

काय बाहेर राहिलं तेही खाली लिहा. यज्ञचक्र बाहेर, जनकाचा उल्लेख बाहेर, काम-क्रोधाचा प्रश्न बाहेर. ही "बाहेर" ओळ नसली ना की शूटिंगच्या दिवशी सगळं परत आत शिरतं आणि व्हिडिओ चार मिनिटांचा होतो.

आणि एक पाहून घ्या, "कर्मण्येवाधिकारस्ते" तिसऱ्यात टाकलं नाहीये ना? अध्यायाचं नाव कर्मयोग म्हणून हमखास तिथे टाकलं जातं, पण तो दुसऱ्याचा ४७ वा श्लोक आहे. तसंच "जे झालं ते चांगलंच झालं" ही गीतासार म्हणून फिरणारी ओळ कुठल्याच अध्यायात नाही, ती थंबनेलवरही नको.

मोठे अध्याय आणि अकरावा

दुसऱ्यात ७२ श्लोक आणि अठराव्यात ७८, म्हणून तिथे सगळं कोंबायचा मोह होतो. दुसऱ्यात स्थितप्रज्ञाचा प्रश्न धरा, आत्मा अमर वगैरे भाग दोन वाक्यांत. अठराव्यात सगळ्याचे सात्त्विक, राजस, तामस प्रकार मोजत बसू नका, "तुला हवं तसं कर" असं कृष्ण म्हणतो तिथपासून "माझा मोह गेला" असं अर्जुन म्हणतो तिथपर्यंतचा पट्टा घ्या. शेवटच्या श्लोकात संजय सांगतो की जिथे कृष्ण आणि पार्थ तिथे विजय. पहिल्या भागाची सुरुवात धृतराष्ट्राच्या प्रश्नाने केली असेल, जो गीतेतला त्याचा एकमेव श्लोक आहे, तर त्याला उत्तर इथे मिळतं. म्हणून पहिला भाग लिहितानाच तो प्रश्न उघडा सोडायचा.

अकराव्यात ग्राफिक्सवर सगळा जोर जातो आणि हजार तोंडांचं रूप छोट्या स्क्रीनवर नुसतं गिचमीड दिसतं. मला वाटतं इथे अर्जुनावर राहावं. आधी तो हौसेने रूप दाखव म्हणतो, मग घाबरून "हा उग्र रूपाचा तू कोण?" असं विचारतो आणि शेवटी पूर्वीचंच रूप परत मागतो, हा प्रवास नव्वद सेकंदांत व्यवस्थित बसतो. ऑडिओचंही बघा, पंधराव्या श्लोकापासून पन्नासाव्यापर्यंत वृत्त बदलतं, गीतेतल्या नेहमीच्या अनुष्टुभात ३२ अक्षरं असतात तर इथल्या त्रिष्टुभात ४४, म्हणजे एक श्लोक म्हणायला बराच जास्त वेळ लागतो, तो आधीच मोजून ठेवा नाहीतर एडिटिंगला श्लोक मधेच कापावा लागतो.

शेवटची तपासणी

अठरा भागांच्या फक्त पहिल्या आणि शेवटच्या ओळी एका कागदावर लिहून, गीता न वाचलेल्या कुणाला तरी वाचायला द्या. त्यांना काही समजावू नका, फक्त विचारा की कुठे "हे आधी येऊन गेलं" असं वाटलं. जिथे बोट ठेवतील तो भाग परत लिहायचा, आणि पहिली शंका पाचवा, चौदावा आणि सतरावा यांच्यावर घ्या, कारण पाचवा तिसऱ्यासारखा वाटू शकतो आणि चौदावा आणि सतरावा दोन्ही तीन गुणांवर आहेत. चौदाव्यात गुण माणसाला बांधतात कसे ते सांगा, आणि सतराव्यात तेच गुण आहार, यज्ञ, तप आणि दानात दिसतात कसे ते. दोघांच्या आउटलाइनमध्ये सत्त्व-रज-तमाची व्याख्या दोनदा आली असेल तर सतराव्यातून सरळ काढून टाका.