फ्लॅटच्या व्हिडिओवरून दोषांची यादी करताय? या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात घोडबंदर रोडवरच्या एका नव्या टू बीएचकेचा ११ मिनिटांचा व्हिडिओ माझ्याकडे आला. घर घेणाऱ्या ताई नाशिकला राहतात. ताबा घेण्याआधी त्यांचा भाऊ जाऊन आला आणि त्याने मोबाईल फिरवत सगळं घर टिपलं. तो व्हिडिओ पाहून दोषांची यादी करायची आणि ती बिल्डरच्या साईट इंजिनिअरला द्यायची, हे माझं काम. ठाण्यात अशा याद्या मी बऱ्याच केल्यात, तरीही या यादीत माझ्याकडून एक चूक झाली आणि ती ताईंना महिनाभर नडली.

व्हिडिओत ३:४० ला मास्टर बेडरूममध्ये बाथरूमला लागून असलेली भिंत दिसते. स्कर्टिंगच्या वर साधारण फूटभर उंचीपर्यंत रंग फुगलेला होता, दोन ठिकाणी पापुद्रे सुटलेले आणि वरच्या कडेला पिवळट रेघ. पलीकडे बाथरूम आहे हे माहीत असल्यामुळे मी यादीत लिहून टाकलं, ‘बाथरूमची पाण्याची लाईन गळते.’ प्लंबर आला, त्याने लाईनला पंप लावून प्रेशर टेस्ट केली. प्रेशर उतरलं नाही. इंजिनिअरने माझ्या ओळीपुढे ‘गळती नाही’ असं लिहून तो मुद्दा बंद केला. आणि त्याचं चुकलं नव्हतं! लाईन खरंच गळत नव्हती. ओल मात्र तशीच होती.

कारण लिहू नका, दिसतं ते लिहा

ओल कुठून येते हे व्हिडिओवरून सांगता येत नाही. पाण्याची लाईन, नहाणीचा ट्रॅप, बाथरूमच्या फरशीचे सांधे, बाहेरच्या भिंतीतून झिरपणारं पावसाचं पाणी, कुठूनही आली तरी आतल्या रंगावर डाग जवळपास सारखाच उमटतो. तुम्ही कारण लिहिलंत की समोरचा माणूस फक्त ते कारण तपासतो आणि ते खोटं ठरलं की मुद्दाच खोडतो. माझी ओळ अशी असायला हवी होती:

‘३:४० – मास्टर बेडरूम, बाथरूमला लागून असलेली भिंत. दरवाज्याच्या चौकटीपासून सुरू होऊन अंदाजे २ फूट लांब, स्कर्टिंगपासून १ फूट वर. रंग फुगलेला, पापुद्रे, वरच्या कडेला पिवळट रेघ. हात लावून ओल तपासावी. कारण शोधून दुरुस्ती करावी.’

अशी ओळ प्रेशर टेस्टने बंद होत नाही. डाग दिसतोय तोवर मुद्दा उघडाच राहतो.

आता डाग आणि सावली यांत फरक कसा करायचा? एकाच फ्रेमवर ठरवू नका. मोबाईल खिडकीकडून भिंतीकडे वळला की कॅमेरा उजेड आपोआप जुळवतो, त्यामुळे चांगली भिंतही क्षणभर काळवंडलेली दिसते. व्हिडिओ थोडा मागेपुढे करा. चित्रीकरण करणारा सरकला की त्याची सावली सरकते, चकचकीत रंगावरची चमकही जागा बदलते. ओलीचा डाग जागचा हलत नाही. त्याची कड वेडीवाकडी असते आणि बरेचदा तिथे पांढरा खार फुटलेला दिसतो. VLC मध्ये `E` दाबलं की एकेक फ्रेम पुढे जाते, त्यासाठी हे फार सोयीचं पडतं. मूळ फाईल मात्र व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणूनच मागवा. साध्या व्हिडिओसारखी पाठवली की तिचा दर्जा उतरतो आणि केसासारखी भेग आधी पुसली जाते.

एकच भिंत दोनदा दिसते

माझी दुसरी चूक पहिलीला चिकटूनच होती. ६:१५ ला भाऊ बाथरूममध्ये शिरतो. तिथे शॉवरखालच्या कोपऱ्यात दोन टाइल्सच्या सांध्यातलं ग्राउट निघालेलं दिसतं. मी तो अठरावा मुद्दा म्हणून ‘ग्राउट भरणे’ एवढंच लिहिलं. बेडरूमचा डाग चौथा मुद्दा होता. मधे तेरा ओळी, त्यामुळे हे दोन मुद्दे एकाच भिंतीच्या दोन बाजू आहेत हे इंजिनिअरला दिसलं नाही आणि मलाही दिसलं नव्हतं.

तेव्हापासून यादी लिहिण्याआधी मी कागदावर घराचा कच्चा नकाशा काढतो आणि प्रत्येक डागाची खूण त्यावर करतो. ‘डावी भिंत’, ‘उजवी भिंत’ असं तर लिहायचंच नाही, कारण माणूस खोलीत वळला की डावं उजवं होतं. ‘खिडकीची भिंत’, ‘स्विचबोर्डची भिंत’, ‘बाथरूमलगतची भिंत’ अशी नावं द्या.

नकाशावर दोन खुणा पाठीला पाठ लावून आल्या, तेव्हा मी इंजिनिअरला फोन केला. म्हटलं, “साहेब, लाईन सोडा, नहाणी बंद करून फरशीवर पाणी भरून बघूया.” त्यांनी बाथरूममध्ये दोन इंच पाणी २४ तास ठेवलं. दुसऱ्या दिवशी बेडरूमच्या स्कर्टिंगवरचा डाग गडद झाला होता आणि दोन बोटं वर चढला होता. कोपऱ्यातल्या टाइल्स काढून वॉटरप्रूफिंग पुन्हा करावं लागलं.

भेगेला आडनाव लावू नका

‘स्ट्रक्चरल क्रॅक’ हे शब्द व्हिडिओ पाहून लिहू नका. भेग कुठून सुरू होते, कुठे संपते, आडवी, उभी की तिरपी, आणि ती भिंतीत आहे की बीम-कॉलममध्ये, एवढं लिहा. याच घरात हॉलमध्ये बीमच्या लगेच खाली सरळ आडवी रेघ होती. काँक्रीट आणि ब्लॉकची भिंत जिथे भेटतात तिथे अशी भेग नेहमी पडते. स्विचबोर्डपासून छताकडे जाणारी उभी भेग बहुधा वायरिंगचा पाइप बसवलेल्या खाचेवरची असते. पण बीमच्या अंगावर लांबीच्या दिशेने भेग आणि सोबत गंजाचा तांबूस डाग दिसला, तर यादीत ‘स्ट्रक्चरल इंजिनिअरने पाहावे’ असं वेगळं लिहा.

रुंदी व्हिडिओवरून मोजता येत नाही. भेगेशेजारी एटीएम कार्ड धरून फोटो मागवा. कार्डाची जाडी ०.७६ मिलिमीटर असते. त्याची कड भेगेत शिरते की नाही, हे कुणालाही करून बघता येतं.

नळ दिसला, पाणी दिसलं नाही

फिटिंग्जच्या बाबतीत लोक ‘ओके’ लिहून मोकळे होतात. या व्हिडिओत बेसिनचा नळ होता, फ्लश होता, जेट स्प्रे होता, पण भावाने एकही चालवून दाखवला नव्हता. अशा वेळी ‘बसवलेला दिसतो, चालवून पाहिलेला नाही’ असं लिहा. ओट्याखालचा पाइप, लॉफ्टचा आतला भाग, बंद शटरमागची भिंत यांची ‘व्हिडिओत दिसले नाही’ अशी वेगळी यादी करा. नाहीतर यादीत ज्याचं नाव नाही ते सगळं ठीक होतं, असाच अर्थ पुढे लावला जातो.

यादीवर व्हिडिओची तारीख घाला आणि ती ईमेलने पाठवा. रेरा कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामातला किंवा कामाच्या दर्जातला दोष कळवला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत विनामोबदला दुरुस्त करायचा असतो. ते दिवस मोजायला कळवल्याची तारीख कागदावर लागते.

ताईंच्या घराची ‘दिसले नाही’ यादी सात ओळींची होती. भाऊ ती घेऊन पुन्हा गेला, या वेळी प्रत्येक नळ मिनिटभर सोडून. ओट्याखालचा सांधा ठिबकत होता.