पितळ-तांब्याच्या जोडीत सरकणाऱ्या तारा आणि छिद्रांचा पट्टा

पदव्युत्तर प्रकल्पासाठी पितळ आणि तांब्याची विसरण-जोडी, म्हणजे तापवल्यावर अणू एकमेकांत शिरावेत म्हणून जोडलेले दोन धातू, हाती आली, तेव्हा माझी पहिली अडचण सूत्रांची नव्हती. ‘तार सरकली’ म्हणजे नेमकी कशाच्या तुलनेत सरकली, हेच मला उमगत नव्हते. स्मिगेल्स्कास आणि किर्केंडाल यांचा 1947 चा प्रयोग नीट वाचल्यावर तो गुंता सुटला. त्यांनी 70 टक्के तांबे व 30 टक्के जस्त असलेल्या पितळी कांबीच्या समोरासमोरच्या दोन्ही बाजूंवर मॉलिब्डेनमच्या बारीक तारा ठेवल्या, त्यांवर तांब्याचा जाड थर चढवला आणि ती कांब 785 अंश सेल्सिअसला तापवत ठेवली. मॉलिब्डेनम या धातूंत जवळपास विरघळत नाही, म्हणूनच ते खुणेच्या कामाचे. त्यांनी मोजले ते दोन बाजूंच्या तारांमधील अंतर, आणि ते कमी होत गेले: प्रत्येक बाजूची तार 13 दिवसांत सुमारे 0.056 मिलिमीटर आणि 56 दिवसांत सुमारे 0.124 मिलिमीटर आत आली. काळ चौपटीहून थोडा अधिक, तर अंतर दुपटीहून थोडे अधिक. म्हणजे सरकणे साधारणतः काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात होते, आणि हीच विसरणाची खूण आहे.

तारांना कोणी ढकलत नाही. दोन बाजूंच्या तारांमधल्या भागातून जितके जस्त बाहेर जाते, त्यापेक्षा कमी तांबे आत येते, त्यामुळे मधले पितळ आकसते आणि तारा जवळ येतात. दोन्ही धातूंचे अणू जागांची सरळ अदलाबदल करत असते, तर दोन्हींचा वेग सारखाच राहून तारा जागच्या जागी राहिल्या असत्या.

जस्ताचे अणू जालकातील, म्हणजे अणूंच्या नियमित मांडणीतील, रिक्त जागांत उडी घेत बाहेर जातात, म्हणून रिक्त जागांचा निव्वळ प्रवाह उलट, पितळाकडे वाहतो. त्यांतील बऱ्याच रिक्त जागा विस्थापनरेषा या मांडणीतील दोषरेषांवर आणि स्फटिककणांच्या सीमांवर नाहीशा होतात, आणि जालकाचे प्रतल मिटून तारा सरकतात त्या याच कारणाने. उरलेल्या एकत्र आल्या की छिद्रे होतात. त्यामुळे छिद्रे जितकी जास्त, तितके तारांचे सरकणे अपेक्षेपेक्षा कमी भरते. तारांच्या सरकण्याचा हिशेब मांडणारे डार्केन यांचे 1948 चे विश्लेषण छिद्रे नाहीत असे गृहीत धरते, हे आकडेमोड करताना मी पहिल्यांदा विसरलो होतो.

माझी दुसरी चूक सूक्ष्मदर्शकाखाली झाली. तारांच्या ओळीतच दिसलेली काळी भोके मी उत्साहाने किर्केंडाल छिद्रे म्हणून नोंदवली. सरांनी एवढेच विचारले, “न तापवलेला नमुना पाहिलास का?” त्यातही तीच भोके होती, थर चढवताना तारेच्या सावलीत राहिलेली ती पोकळी होती. खरी छिद्रे तारांपासून काही अंतरावर, पितळाच्या बाजूला पट्ट्यासारखी दिसतात आणि तापवण्याच्या काळाबरोबर वाढतात. पॉलिश करताना मऊ तांबे छिद्रांवर पसरून ती झाकूही शकते, म्हणून हलके एचिंग करून, म्हणजे रसायनाने वरचा पातळ थर काढून, पुन्हा पाहिल्याशिवाय मी आता छिद्रे मोजत नाही.