साहेबांना मेसेज करताना इमोजी आणि उद्गारचिन्हं : या चुका टाळा

रावेर-सावद्याच्या पट्ट्यातून केळी भरून बाहेर पाठवणाऱ्या एका ऑफिसात मी डिस्पॅचचं काम बघतो. गाडीचा नंबर, वजनकाट्याची पावती, कापणीवाल्यांची टोळी, आजचा भाव, सगळं व्हॉट्सॲपवर चालतं. दर हंगामात ऑफिसात नवी पोरं-पोरी येतात. कॉम्प्युटर येतो, हिशोब येतो, बोलायला चुणचुणीत असतात. पण वरच्या माणसाला मेसेज टाकायची वेळ आली की सगळे त्याच चार-पाच चुका करतात. समजावून सांगितलं की म्हणतात, ‘काका, त्यात काय एवढं, एक इमोजी तर टाकला.’ त्यात काय असतं ते इथे लिहितो.

प्रश्नाला 👍 देणं

ही माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक. त्यात उद्धटपणा काही नाही. अडचण अशी की 👍 चे तीन अर्थ होतात : ‘मेसेज बघितला’, ‘मला मान्य आहे’ आणि ‘काम झालं’. पाठवणाऱ्याच्या मनात एक असतो, वाचणारा दुसरा घेतो, आणि चूक झाली आहे हे दोघांनाही तेव्हा कळत नाही.

आमच्याकडे खरेदीचं काम बघणारे अप्पा साठीच्या आसपासचे, आयुष्य बागेत गेलेलं. एका मे महिन्यात संध्याकाळी त्यांनी ऑफिसातल्या नव्या मुलाला विचारलं, ‘दिल्लीची गाडी आज रात्री भरायची की उद्या पहाटे?’ मुलगा गाडीवाल्याशी फोनवर बोलत होता. बोलता बोलताच त्याने 👍😊 पाठवलं. त्याच्या डोक्यात होतं, ‘तुमचा प्रश्न बघितला, विचारून सांगतो.’ अप्पांनी वाचलं, ‘हो, आज रात्री.’ त्यांनी विचारलेलं पहिलं तेच होतं ना. टोळी बोलावली, बत्त्या लावून घड उतरवले. गाडी आली दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन चढल्यावर.

खानदेशातला मे महिना ज्याला माहीत आहे त्याला पुढचं सांगायला नको. कापलेली केळी थांबत नाही. उन्हात सालीवर डाग पडतात, माल आतून पिकायला लागतो, आणि दिल्लीला पोचेपर्यंत त्याचा भाव राहत नाही. टोळीची मजुरी वेगळीच द्यावी लागली. अप्पा त्या मुलावर ओरडले नाहीत. फक्त त्यानंतर त्याला मेसेज न करता थेट मला फोन करायला लागले. मुलाला ते फार लागलं, आणि ते लागणं बरोबर होतं.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतात २०२१ मध्ये एका धान्य खरेदीदाराने शेतकऱ्याला जवसाच्या कराराचा फोटो पाठवला आणि ‘कन्फर्म करा’ असं लिहिलं. शेतकऱ्याने 👍 पाठवलं. पुढे जवसाचे भाव वाढले आणि माल काही गेला नाही. प्रकरण कोर्टात आलं तेव्हा शेतकरी म्हणाला, मी फक्त मेसेज मिळाल्याचं कळवलं होतं. कोर्टाने त्याचे जुने मेसेज बघितले. आधीच्या करारांना त्याने ‘ओके’, ‘चांगलं दिसतंय’ अशीच तुटक उत्तरं दिली होती आणि माल पोचवला होता. २०२३ मध्ये निकाल लागला की हा अंगठा म्हणजे होकारच, आणि त्याला ८२ हजार कॅनेडियन डॉलरच्या वर भरपाई भरायला लागली. २०२४ मध्ये अपिलातही तेच कायम राहिलं. तिथेही सगळा घोळ ‘बघितलं’ आणि ‘मान्य’ या दोन्हींमधलाच.

माझी सवय सांगतो. वरच्या माणसाच्या मेसेजमध्ये प्रश्न असेल किंवा दोन पर्याय असतील, तर उत्तरात आधी क्रियापद आणि वेळ लिहायची : ‘उद्या पहाटे भरायची. गाडी ४ वाजता बागेवर येईल.’ माहीत नसेल तर तसं लिहायचं : ‘विचारतो अप्पा, ७ पर्यंत सांगतो.’ त्यानंतर 🙏 लावायचं असेल तर खुशाल लावा. नुसता अंगठा फक्त अशा मेसेजला द्यावा, ज्याला ‘हो’ सोडून दुसरं उत्तरच नाही, जसं ‘पावती फाइलला लावून ठेव’. आणि तोही काम झाल्यावर द्यावा. एवढं टाइप करायचा कंटाळा येत असेल तर फोन लावावा. माझ्या मते घाईच्या माणसाला तोच खरा सोपा रस्ता आहे.

विनंतीच्या शेवटी उद्गारचिन्ह

आता जरा बारीक गोष्ट. एका मुलीने अकाउंट बघणाऱ्या नानांना असा मेसेज टाकला होता :

‘गुड मॉर्निंग सर!!! 😊😊 बऱ्हाणपूरच्या पार्टीचं कोटेशन आजच द्यायचंय!! दर लवकर पाठवा ना!! 🙏🙏🙏’

तिच्या मनात नानांविषयी आदरच होता. म्हणून तर तीन वेळा हात जोडले. नानांनी मात्र मोबाईल माझ्यापुढे धरून विचारलं, ‘ही मला दम देतेय का रे?’

मराठीत आज्ञा आणि विनंती यांतला फरक क्रियापदातून कळतो. ‘पाठवा’ ही सांगितलेली गोष्ट आहे, ‘पाठवाल का’ ही विचारलेली. तोंडी बोलताना ‘पाठवा ना’ गोड होतं, कारण आवाज मऊ असतो. लिहिताना आवाज नसतो, आणि ‘पाठवा’पुढे उद्गारचिन्ह आलं की तो आवाज चढलेला वाटतो. शाळेत आपल्याला हे चिन्ह ‘अरेरे!’ आणि ‘शाब्बास!’ यांच्यासाठी शिकवलं, म्हणजे भावना उसळते तिथे. नानांच्या वयाचा माणूस आजही ते तसंच वाचतो. दोन चिन्हं म्हणजे त्यांच्या लेखी ओरडणं. मग पुढचे जोडलेले हातही काकुळती किंवा टोमणा वाटायला लागतात.

मुलं उद्गारचिन्ह का टाकतात तेही कळतं मला. त्यांना पूर्णविराम तुटक वाटतो. ‘ठीक आहे.’ असं आलं की समोरचा चिडलाय असं त्यांना वाटतं. अमेरिकेत बिंगहॅम्टन विद्यापीठात २०१५ च्या सुमारास कॉलेजच्या मुलांवर एक अभ्यास झाला. एका शब्दाच्या उत्तरापुढे पूर्णविराम असला तर ते उत्तर मुलांना कमी मनापासूनचं वाटलं. तेच उत्तर हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत असलं तर असा फरक दिसला नाही. म्हणजे ही सवय मोबाईलवर वाढलेल्यांची. नाना चिठ्ठ्या आणि अर्ज लिहून वाढलेले. त्यांचा पूर्णविराम म्हणजे फक्त वाक्य संपलं. तुम्ही रुक्षपणा घालवायला उद्गारचिन्ह लावता, पण तो रुक्षपणा त्यांना मुळात जाणवतच नाही. त्यांना जाणवतं ते तुमचं चिन्ह.

तोच मेसेज मी तिच्याकडून असा लिहून घेतला :

‘नमस्कार नाना. बऱ्हाणपूरच्या पार्टीला आज ४ पर्यंत कोटेशन द्यायचं आहे. दर तुमच्याकडून ठरायचे आहेत. ३ पर्यंत सांगता येतील का?’

यात एकही चिन्ह जास्तीचं नाही, तरी घाई आहे हे कळतं, कारण घाईचं काम वेळेने केलं : ४ आणि ३. तिने तिथे ‘लवकर’ लिहिलं होतं, आणि ‘लवकर’ म्हणजे केव्हा ते नानांना कसं कळणार? दर आल्यावर तिने ‘मिळाले नाना, धन्यवाद 🙏’ पाठवलं. तिथे इमोजी शोभला. काम मागताना साधं लिहावं, काम झाल्यावर एक 🙏 किंवा 😊 चालतो. अभिनंदनाला ‘अभिनंदन नाना!’ असं एक चिन्ह हवंच, तिथे पूर्णविराम खरंच कोरडा दिसतो.

वाईट बातमीला 😅

‘अप्पा गाडी बंद पडली 😅’. ओशाळलेपणा लपवायला हे घामाघूम हसू टाकतात. वाचणाऱ्याला फक्त हसू दिसतं, आणि ज्याचा माल गाडीत आहे त्याला ते सहन होत नाही. नुकसान, उशीर, चूक, आजारपण यांच्या मेसेजला इमोजी नकोच. ‘अप्पा, बऱ्हाणपूरच्या अलीकडे गाडी बंद पडली आहे. मेकॅनिक पोचला आहे. अर्ध्या तासात पुन्हा कळवतो.’ काय झालं, काय चाललंय, पुढे केव्हा कळवणार, एवढं आलं की समोरच्याचा जीव थाऱ्यावर येतो.

बाकीच्या चुका

दुःखाच्या बातमीवर बोट लावून रिॲक्शन देऊ नका. व्हॉट्सॲपच्या त्या ओळीत ❤️ च्या शेजारीच 😂 असतो, बोट घसरलं की संपलं. आणि 😭 समजून 😂 टाकणारेही मी पाहिले आहेत. दोन शब्द लिहा.

वरच्या बाईंना किंवा साहेबांना ❤️ नको. ‘सगळेच टाकतात’ हे कारण मला पटत नाही.

कीबोर्ड शब्दाबरोबर इमोजी सुचवतो, म्हणून तो घेतलाच पाहिजे असं नाही.

‘नंतर एडिट करू’ यावर भिस्त ठेवू नका. एडिटला १५ मिनिटंच मिळतात, बदल केल्याची खूण राहते, आणि पहिला मजकूर त्यांनी नोटिफिकेशनमध्ये वाचलेला असतो.

मग ठरवायचं कसं

मी नव्या माणसाला एकच गोष्ट करायला लावतो. त्या वरिष्ठाशी असलेल्या चॅटमध्ये वर जा आणि त्यांनी तुम्हाला स्वतः टाइप करून पाठवलेले मेसेज बघा. फॉरवर्ड केलेले सुविचार आणि सणांची चित्रं मोजू नका, त्यांत फुलं आणि दिवे असतातच. त्यांच्या स्वतःच्या लिहिण्यात इमोजी नसेल तर तुमच्याही नको. ते 😊 टाकत असतील तर तुम्ही एखादा टाकू शकता, पण त्यांच्यापेक्षा कमी. ते तीन टाकतात म्हणून तुम्ही तीन टाकायचे नाहीत. पद वेगळं आहे, वयही वेगळं आहे.

नवीन साहेब आले आणि जुनं चॅटच नसेल, तर पहिले काही दिवस साधं लिहा आणि त्यांच्याकडून काय येतं ते बघा. इथे पोरांना धीर धरवत नाही. पहिल्याच दिवशी ‘वेलकम सर!!! 🎉🎉’ जातं. साहेब स्वभावाने मोकळे असतील तर निभावून जातं. नसतील, तर पुढचा कामाचा मेसेजही ते तशाच नजरेने वाचतात.

आणि हे बघायचं ते एकमेकांच्या चॅटमध्ये, ग्रुपवर नाही. ग्रुपवर अप्पा सगळ्यांच्या वाढदिवसाला 🎂 टाकतात. मला एकट्याला त्यांनी आजवर एकही इमोजी पाठवलेला नाही, आणि मीही त्यांना नाही.