गीझरच्या माहितीपुस्तिकेचे मुद्रितशोधन: या चुका टाळा

नाशिकला डिसेंबर-जानेवारीत पारा दहा अंशांखाली उतरतो, त्यामुळे अंबड आणि सातपूरच्या औद्योगिक वसाहतींतून माझ्याकडे येणाऱ्या मराठी माहितीपुस्तिकांमध्ये गीझरच्या पुस्तिका नेहमी दिवाळीच्या आधीच दाखल होतात. बहुतेक मजकूर इंग्रजीवरून केलेला असतो आणि शोधकाकडून अपेक्षा एवढीच असते, की त्याने ऱ्हस्व-दीर्घ पाहून द्यावे. गीझरच्या बाबतीत तेवढे पुरत नाही, कारण शुद्धलेखनाची एकही चूक नसलेले पान वाचून माणूस रिकामी टाकी तापवू शकतो.

एका पंधरा लिटरच्या, २००० वॅटच्या साठवण गीझरची पुस्तिका हे त्याचे चांगले उदाहरण आहे. बसवल्यानंतर गीझर पहिल्यांदा सुरू करण्याच्या पायऱ्या तीत अशा छापल्या होत्या: 'थंड पाण्याच्या पाइपवरील व्हॉल्व्ह उघडा. प्लग सॉकेटमध्ये घालून स्विच चालू करा. त्यापूर्वी गरम पाण्याचा नळ उघडून हवा पूर्णपणे निघून गेल्याची खात्री करा.' आणि चौकटीत, पानाच्या तळाशी: 'टाकी रिकामी असताना गीझर चालू करू नये.' वाक्ये निर्दोष आहेत, पण पुस्तिका हातात घेऊन काम करणारा माणूस एक वाक्य वाचतो, ते करतो आणि मग पुढच्या वाक्याकडे वळतो. 'त्यापूर्वी' या शब्दापर्यंत तो पोहोचतो तेव्हा स्विच चालू झालेला असतो. पाण्याबाहेर राहिलेला एलिमेंट आपली उष्णता कोणाला देऊ शकत नाही, तो स्वतःच भराभर तापतो आणि जळतो. थर्मल कटआउट वेळेवर तुटेल या भरवशावर सूचना लिहिता येत नाहीत.

ही चूक कशी शिरते, तेही ओळखून ठेवावे. इंग्रजीत 'चालू करा' आधी आणि अट नंतर येते. मराठीचा स्वभाव उलटा आहे. आपण 'जेवून निघा' म्हणतो, 'निघा, पण जेवल्यावर' असे म्हणत नाही. अनुवादकाने मूळ लांब वाक्य तोडताना त्याचा क्रम तसाच ठेवला, की शिल्लक राहिलेली अट 'त्यापूर्वी', 'तत्पूर्वी' किंवा 'मात्र आधी' अशा शब्दांनी पुढच्या वाक्याला टांगली जाते. म्हणून पायऱ्यांच्या पानावर हे शब्द आधी शोधावेत. ते दिसले तिथे क्रम बहुधा चुकलेला असतो. सुधारलेला मजकूर असा झाला: 'टाकी रिकामी असताना गीझर चालू करू नका, एलिमेंट जळेल. १. थंड पाण्याचा व्हॉल्व्ह उघडा. २. गरम पाण्याचा नळ उघडा आणि हवेचे बुडबुडे थांबून सलग धार येईपर्यंत थांबा. ३. नळ बंद करा. ४. आता प्लग सॉकेटमध्ये घालून स्विच चालू करा.' इशारा पायरीच्या आधी आला, त्यात परिणाम सांगितला गेला आणि टाकी भरल्याचे चिन्हही डोळ्यांना दिसेल असे मिळाले. 'खात्री करा' एवढेच लिहिल्यास खात्री कशावरून करायची, हे वाचणाऱ्याला कळत नाही.

दुसरी चूक एकाच शब्दाच्या दोन अर्थांची आहे. याच पुस्तिकेत टाकी रिकामी करण्याविषयी लिहिले होते: 'इनलेट व्हॉल्व्ह बंद करून प्लग काढा.' विजेचा प्लग, की टाकीच्या तळाचा ड्रेन प्लग? इंग्रजी मजकुरात दोन्ही प्लगच होते. चुकीचा अर्थ घेतला तर वीज चालू असताना टाकी उपसली जाते आणि वर उकळते पाणी हातावर येते. तिथे 'विजेचा प्लग' आणि 'पाणी काढण्याचे बूच' असे दोन वेगळे शब्द पुस्तिकाभर सारखेच वापरावेत आणि क्रमही नीट लावावा: आधी विजेचा प्लग काढा, पाणी थंड होऊ द्या, मग थंड पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करा, गरम पाण्याचा नळ उघडा आणि शेवटी बूच सोडा.

'बंद' हा शब्द तर याहून लबाड आहे. 'गीझर बंद असल्यास झाकण उघडून तपासणी करू नये' या वाक्यात लेखकाला 'बंद पडला असल्यास' म्हणायचे होते. पण स्विच बंद असा अर्थ घेणाऱ्याला झाकण चालू गीझरचेच उघडायचे असते, असे वाटेल. 'गीझर चालत नसल्यास झाकण उघडू नका' असे लिहिले की संशय उरत नाही.

सर्वांत घातक वाक्य मात्र सर्वनामामुळे बिघडले होते: 'सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी गळत असल्यास ते त्वरित बंद करावे.' हे 'ते' म्हणजे काय? मुळात पाणीपुरवठा बंद करायचा होता. मराठीत मात्र 'ते' गळणाऱ्या पाण्याकडे जाते आणि वाचणारा टेप गुंडाळून किंवा बूच मारून गळती थांबवतो. पाणी वीस अंशांपासून सत्तर अंशांपर्यंत तापले की सुमारे दोन टक्के फुगते, म्हणजे पंधरा लिटरच्या टाकीत सुमारे ३०० मिलिलिटर जास्तीचे पाणी तयार होते. थंड पाण्याच्या बाजूला परतीचा प्रवाह अडवणारा व्हॉल्व्ह असल्यामुळे ते मागे जाऊ शकत नाही, म्हणून ते सेफ्टी व्हॉल्व्हच्या तोंडातून थेंबथेंब बाहेर पडते. ते तोंड बुजवले की टाकीतील दाब वाढतच जातो. त्यामुळे एका वाक्याच्या जागी तीन वाक्ये लागली: 'पाणी तापत असताना या व्हॉल्व्हमधून थेंब पडणे स्वाभाविक आहे. व्हॉल्व्हचे तोंड कधीही बुजवू नका. पाणी थंड असतानाही गळती चालू राहिली, तर विजेचा प्लग काढा, थंड पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करा आणि मेकॅनिकला बोलवा.' जागा वाढते म्हणून कारखान्याकडून कुरकुर झाली, पण हे वाक्य आखडण्यासारखे नव्हते.

नकाराच्या बाबतीत एक बारीक गोष्ट राहते. 'प्लग न काढता गीझर ओल्या फडक्याने पुसू नये' हे वाक्य बरोबर आहे, पण त्याचा सारा अर्थ एका 'न'वर उभा आहे. तो अक्षरजुळणीत गळला आणि कोणी 'काढता'चे 'काढून' केले, तर 'प्लग काढून गीझर पुसू नये' हे व्याकरणशुद्ध आणि नेमके उलटे वाक्य तयार होते, जे संगणकावरील शुद्धलेखन तपासणीलाही पकडता येत नाही. 'आधी विजेचा प्लग काढा, मग पुसा' असे लिहावे. 'शक्यतो' आणि 'आवश्यकतेनुसार' हे शब्दही अशा पानावरून काढून टाकावेत. 'शक्यतो अर्थिंग असलेले १६ अँपिअरचे सॉकेट वापरावे' याचा अर्थ ६ अँपिअरचेही चालेल असाच होतो, आणि २००० वॅटचा गीझर २३० व्होल्टवर जवळपास ८.७ अँपिअर घेतो.

हे बदल शोधकाने परस्पर करू नयेत. क्रम बदलला असेल तिथे मूळ वाक्य, सुधारलेले वाक्य आणि 'वाचणाऱ्याने मूळ वाक्याप्रमाणे केले तर काय होईल' असे तिन्ही लिहून कारखान्यातील अभियंत्याला पाठवावे. नुसते 'क्रम तपासा' असे लिहिले तर बहुधा 'ठीक आहे' एवढेच उत्तर येते. मान्यता मिळाल्यावर एक पुस्तिका न पाहिलेल्या माणसाला समोर बसवावे, बोट ठेवून एकेक वाक्य वाचायला लावावे आणि वाचल्याबरोबर तेवढेच करायला सांगावे. हे वीज आणि पाणी न जोडलेल्या गीझरवर करता येते. तो जिथे मागे वळून पान चाळतो, तिथे खूण करावी.

शेवटची तपासणी पाने लागल्यावर करावी लागते. माझ्या हातच्या याच पुस्तिकेत नळ बंद करण्याची नवी पायरी घातल्यामुळे पुढचे आकडे एकाने सरकले, पण देखभालीच्या पानावर 'पायरी ३ प्रमाणे स्विच चालू करा' हे जुनेच राहिले होते, आणि इशाऱ्याची चौकट तर पान उलटून पायऱ्यांच्या पलीकडे गेली होती.