शाळेतील पॅडच्या यंत्रासाठी घोषवाक्य कसे लिहावे

शाळेत सॅनिटरी पॅडचे यंत्र बसले आहे, पॅडचा पहिला साठा आला आहे आणि आता मोहिमेसाठी घोषवाक्ये हवी आहेत, इथून पुढच्या कामाविषयी हा लेख आहे. बहुतेक ठिकाणी हे काम निबंधस्पर्धेसारखे सोपवले जाते, यमक जुळलेल्या ओळी निवडल्या जातात आणि रंगवून भिंतीवर लावल्या जातात. मुलीला त्या वाचून यंत्र कुठे आहे हेसुद्धा कळत नाही. घोषवाक्य हे यंत्राच्या वापराचाच भाग आहे असे मानून ते लिहिले, तर पुढचे बरेच प्रश्न सुटतात.

आधी यंत्र पाहा

एक ओळही लिहिण्यापूर्वी यंत्रासमोर उभे राहून ते स्वतः चालवून पाहावे. नाणे टाकून मूठ फिरवायची आहे की बटण दाबायचे आहे, एका वेळी किती पॅड पडतात, किल्ली कोणाकडे आहे, भरणा कोण आणि कोणत्या वारी करणार आहे, हे लिहून घ्यावे. नाण्याची खात्री विशेष काळजीने करावी. ५ रुपयांची जुनी जाड नाणी आणि नंतरची पातळ नाणी दोन्ही चलनात आहेत, पण यंत्र बहुधा एकाच प्रकारासाठी जुळवलेले असते. दुसरे नाणे अडकते किंवा खाली परत पडते आणि मुलीला वाटते की यंत्र बंद आहे. चालणारे नाणे कोणते, हे तुम्हाला ठाऊक नसेल तर तुमचे घोषवाक्यही तिला सांगू शकणार नाही.

वाचणारी मुलगी कोणत्या क्षणी वाचते आहे

या पायरीवर फार वेळ लागत नाही, पण ती वगळू नये. दोन प्रसंग असतात. पहिल्या प्रसंगात पाळी वर्गात बसलेली असतानाच सुरू होते आणि जवळ पॅड नसते. दुसऱ्यात पाळी कालपासूनच चालू असते, पॅड घरून लावून आलेली असते, पण ते बदलण्याची वेळ शाळेतच होते. पॅड साधारणपणे चार ते सहा तासांनी बदलावे लागते, आणि सकाळी नऊ वाजता घरून निघालेली मुलगी संध्याकाळी पाचला सुटते, म्हणजे एक बदल शाळेत होणे अपरिहार्य आहे. जवळजवळ सगळी घोषवाक्ये पहिल्या प्रसंगासाठी लिहिली जातात आणि दुसरा प्रसंग, जो दर महिन्याला कित्येक मुलींच्या वाट्याला येतो, तो कोणाच्या लक्षातही येत नाही.

मुख्य ओळ: इथे घाई करू नका

सर्वात अवघड पायरी हीच आहे. चांगल्या हेतूने लिहिलेल्या ओळीतूनही संकोच आत शिरतो, आणि लिहिणाऱ्याला तो दिसत नाही. एक ओळ कशी घडते ते उदाहरणाने पाहू. समजा शाळा पाचवी ते दहावीपर्यंतची आहे, मुले-मुली एकत्र शिकतात, यंत्र तळमजल्यावर मुलींच्या स्वच्छतागृहाच्या आत, दाराजवळच्या भिंतीवर आहे आणि ५ रुपयांच्या नाण्यावर चालते.

समितीकडून पहिला मसुदा हमखास असा येतो: "मुलींचा सन्मान, शाळेचा अभिमान". या ओळीत पाळी नाही, पॅड नाही आणि यंत्रही नाही. सायकलवाटपाच्या फलकावरही ती तशीच्या तशी चालेल, आणि जी ओळ दुसरीकडे कुठेही चालते ती इथे उपयोगाची नाही. ही कसोटी मी प्रत्येक मसुद्याला पहिल्यांदा लावतो आणि निम्म्याहून अधिक मसुदे तिथेच बाजूला पडतात.

दुसरा मसुदा धीट वाटतो: "लाजू नका, पॅड मागा". याबद्दल माझे मत ठाम आहे. पाचवीतल्या ज्या मुलीला अजून पाळी आलेली नाही आणि जिला या गोष्टीची लाज वाटायची असते हे कोणी शिकवलेलेही नाही, तिला ते तुमचा फलकच पहिल्यांदा शिकवतो. लाज, संकोच, भीती, गैरसमज हे शब्द नकार जोडूनही वापरू नयेत. पाणपोईवर "पिण्याचे पाणी" असे लिहितात तितक्याच सरळपणे "पॅड" आणि "पाळी" लिहावे. "त्या दिवसांत", "अडचण", "चार दिवस" अशी आडवळणे टाळावीत, कारण ज्या मुलाला किंवा मुलीला अर्थ माहीत नसतो त्याला ती कळत नाहीत आणि ज्याला माहीत असतो त्याला ती कुजबुजीचे कारण देतात.

तिसऱ्या मसुद्यात "स्वच्छ" हा शब्द येतो: "स्वच्छ राहा, पॅड वापरा". हा सर्वात फसवा मसुदा आहे, कारण तो आरोग्याच्या भाषेत बोलतो. पण पाळी आलेली मुलगी अस्वच्छ असते, ही घरात ऐकलेली समजूत त्यातून पक्की होते. स्वच्छतेबद्दल सांगायचे असेल तर हात धुणे आणि पॅड वेळेवर बदलणे या कृती सांगाव्यात, मुलीला विशेषण लावू नये.

चौथा मसुदा यमकाचा: "पाळी आली अवेळी, पॅड मिळेल त्याच वेळी". यमकाला माझा विरोध नाही, आणि या ओळीचा दुसरा भाग खरी माहिती देतो. अडचण "अवेळी" या शब्दात आहे. पाळी सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत चक्र नियमित नसणे स्वाभाविक असते. दोन पाळ्यांमध्ये कधी २१ दिवसांचे, तर कधी ४५ दिवसांचेही अंतर पडते. शाळेतल्या मुलीला तारीख आधी कळत नाही, म्हणूनच तर यंत्र हवे. तिची पाळी अवेळी आली असे म्हणणे म्हणजे तिच्या शरीराचे काही चुकले असे सांगणे. यमकासाठी शब्द निवडला की असा अर्थ नकळत येतो, म्हणून यमक जुळल्यावर प्रत्येक शब्द सुटा करून तो खरा आहे का हे तपासावे.

पाचवा मसुदा गुप्ततेचे आश्वासन देतो: "कुणालाही न कळता पॅड मिळवा". मुलीला एकांत मिळायलाच हवा, परंतु तो यंत्राची जागा आणि स्वच्छतागृहाची कडी देतात. फलकावर तो लिहिला की पॅड ही लपवण्याची वस्तू ठरते.

एवढे सगळे वजा केल्यावर जे उरते ते साधे असते: "पाळी आली? पॅड इथे मिळेल." त्याखाली लहान अक्षरांत: "५ रुपयांचं पातळ नाणं टाका, मूठ फिरवा. नाणं नसेल तर मावशींकडे मागा. कारण सांगायची गरज नाही." समितीला ही ओळ फार साधी वाटते आणि कोणीतरी त्यात फुलपाखरू किंवा कळी आणू पाहते. तिथे नम्रपणे पण निश्चितपणे नकार द्यावा.

किमतीबद्दलही एक इशारा आहे. "फक्त ५ रुपये" असे लिहू नये. ज्या मुलीच्या दप्तरात त्या दिवशी ५ रुपये नाहीत, तिला "फक्त" हा शब्द टोचतो आणि ती मावशींकडे जाण्याऐवजी घरी निघून जाते. नुसते "५ रुपये" पुरेसे आहे. मावशींकडे चालणारी वीसेक नाणी डबीत द्यावीत. यंत्राची पेटी उघडली की तीच नाणी परत डबीत येतात, त्यामुळे हा खर्च खरे तर पॅडच्या किमतीचाच असतो. मावशींना आधी विश्वासात घेऊन मगच त्यांचा उल्लेख फलकावर करावा. फलक म्हणतो कारण सांगायची गरज नाही आणि मावशी विचारतात "कशाला हवेत?", असे झाले तर ती मुलगी पुन्हा मागायला येत नाही.

प्रत्येक जागेसाठी वेगळी ओळ

"इथे" हा शब्द फक्त यंत्रावर चालतो. वर्गात दाराजवळ लिहावे: "पॅडचं यंत्र तळमजल्यावर, मुलींच्या स्वच्छतागृहात आहे." स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूला दुसऱ्या प्रसंगाची ओळ: "सकाळी लावलेलं पॅड मधल्या सुट्टीत बदला." डब्यावर: "वापरलेलं पॅड कागदात गुंडाळून या डब्यात टाका." शिक्षकांच्या खोलीत: "मुलीने बाहेर जाण्याची परवानगी मागितली तर द्या, वर्गासमोर कारण विचारू नका."

मुलांसाठी वेगळे घोषवाक्य करावे असा आग्रह काही जण धरतात. मी करत नाही. वर्गातली ओळ मुलेही वाचतात आणि तिच्यात ओळखायला काही शिल्लक नसते, त्यामुळे पहिल्या आठवड्यानंतर ती वेळापत्रकाइतकीच सवयीची होते.

तपासणी

"ओळ आवडली का?" असे कोणालाही विचारू नये, कारण सगळे हो म्हणतात. पाचवीतली एक मुलगी, नववीतली एक मुलगी आणि मावशी अशा तिघींना स्वतंत्रपणे ओळ दाखवावी, कागद बाजूला ठेवावा आणि विचारावे, "आता कुठे जायचं आणि काय करायचं?" ती जागा सांगू शकली, नाणे सांगू शकली आणि नाणे नसेल तर काय करायचे ते सांगू शकली, तर ओळ झाली. जिथे ती अडखळते तो भाग पुन्हा लिहावा. मावशींची तपासणी वगळू नये, कारण यंत्र अडले की मुली पहिल्यांदा त्यांच्याकडेच जातात.

फलक कधी लावावा

मासिक पाळी स्वच्छता दिन २८ मे रोजी असतो, म्हणून मोहिमेचा मुहूर्त तोच धरावा असे सुचवले जाते. महाराष्ट्रातल्या शाळांना तेव्हा उन्हाळ्याची सुट्टी असते. फलक मे महिन्यात तयार ठेवावेत आणि जूनमध्ये शाळा उघडते त्या दिवशी, यंत्र भरून आणि दोनतीनदा चालवून, मगच लावावेत.

यंत्र रिकामे असेल तेव्हा

"सदैव", "नेहमी", "केव्हाही" हे शब्द मुख्य ओळीत कधीही घेऊ नयेत. लहान यंत्रात वीस ते पन्नास पॅड मावतात आणि मुलींची संख्या मोठी असेल तर ती आठवडाभरसुद्धा पुरत नाहीत. यंत्रावर उलटता येणारी पाटी टांगावी, जिच्या मागच्या बाजूला लिहिलेले असेल: "यंत्रातली पॅड संपली आहेत. मावशींकडे मिळतील." मावशींच्या कपाटात एक पाकीट कायम असावे आणि पाटी उलटायचे काम त्यांचेच असावे. पॅडचा दर, नाणे किंवा यंत्राची जागा बदलली तर सर्व ठिकाणच्या ओळी त्याच दिवशी बदलाव्यात; त्यासाठी कोणती ओळ कुठे लावली आहे याची यादी मुख्याध्यापकांच्या कार्यालयात, यंत्राच्या किल्लीसोबत ठेवावी.